पायाखालचा स्लॅब आणि त्याची उघडी कड

मराठीत ‘स्लॅब’ म्हटलं की आपण वर बघतो. स्लॅब टाकला, स्लॅब गळतो, स्लॅबला पोपडे आले. आपल्या बोलण्यात स्लॅब म्हणजे छत. अमेरिकेत आल्यावर पहिल्या काही महिन्यांत मला या शब्दाने बराच गोंधळवलं, कारण इथे कुणी ‘आमचं घर स्लॅबवर आहे’ म्हणालं, की तो स्लॅब पायाखाली असतो. तळघर नाही, जमिनीखाली पोकळी नाही. माती, वर खडीचा थर, प्लास्टिकचा कागद आणि त्यावर चार इंचांचा काँक्रीटचा थर. आपल्या भाषेत सांगायचं तर सोलिंगवर घातलेला कोबा. त्यावर गालिचा किंवा टाइल, आणि त्यावर माणसं.

पुण्यात किंवा नाशिकला कोब्यावर राहणं म्हणजे सुखच. एप्रिलमध्ये त्याच फरशीवर उघड्या अंगाने पडून आपण दुपार काढतो. शिकागोच्या उपनगरात जानेवारीत बाहेर उणे बारा-चौदा असताना मात्र हाच कोबा वेगळा वागतो. मी इथे घरांची ऊर्जा-तपासणी करतो. घराची उष्णता कुठून पळते ते शोधायचं आणि मालकाला सांगायचं, हे काम. मराठी घरांतून मला येणाऱ्या फोनमध्ये एक तक्रार ठरलेली असते: ‘थर्मोस्टॅट एकवीसवर आहे, पण पाय गारठतात.’ शेजारच्या अमेरिकन घरात ही तक्रार कमी ऐकू येते. त्यांच्याकडची फरशी काही वेगळी नसते, पण ते घरात जाड मोजे किंवा बूट घालून वावरतात. आपण चपला दाराबाहेर काढतो, जमिनीवर बसतो, देवाजवळ आसन टाकतो. त्यामुळे फरशीचा दोष आपल्याला आधी कळतो.

मागे एका घरी गेलो होतो. साठच्या दशकातलं, एकमजली, लांबट बांधणीचं. साधारण तेरा मीटर बाय आठ मीटर. मुलाने हाक मारली होती, पण तक्रार त्याच्या आईची होती. काकू नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी देवघर मांडलं होतं ते पूर्वेच्या भिंतीला, खिडकीखाली. दिशा अचूक होती, पण नेमकी घराची बाहेरची भिंत. ‘अरे, इथे पोथी वाचायला बसले की अर्ध्या तासात पाय बधिर होतात. तिकडे सोफ्यापाशी बसलं तर काही नाही. एकाच खोलीत दोन हवामानं कशी रे?’

काकूंचं निरीक्षण बरोबर होतं. त्या दिवशी बाहेर उणे चौदा अंश होते. मी इन्फ्रारेड तापमापक काढला. खोलीच्या मध्यभागी फरशी साडेएकोणीस अंश. भिंतीपासून मीटरभर अंतरावर सतरा. फूटभर अंतरावर चौदा. आणि भिंतीला लागून, स्कर्टिंगच्या कडेला, दहा. कोपऱ्यात, जिथे दोन बाहेरच्या भिंती मिळतात, तिथे आठ. काकूंचं आसन चौदा ते दहाच्या पट्ट्यात होतं.

लोकांना वाटतं की फरशी गार असते कारण खालची जमीन गार असते. हा समज अर्धाच खरा आहे. इलिनॉयमध्ये पाच-सात मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर दहा-अकरा अंशांच्या आसपास राहतं. बाहेरच्या उणे चौदापेक्षा ते पुष्कळच उबदार. शिवाय खोलीच्या मध्यातून खाली निघालेल्या उष्णतेला बाहेरच्या हवेपर्यंत पोचायला मातीतून मोठा वळसा घालावा लागतो: खाली उतरायचं, आडवं सरकायचं, भिंतीचा पाया ओलांडायचा आणि मग वर यायचं. एवढी माती वाटेत असली की तीच गोधडीचं काम करते. म्हणून मध्यभागी साडेएकोणीस अंश मिळतात, कसलंही इन्सुलेशन नसताना.

कडेची गोष्ट उलटी. तिथल्या उष्णतेला वळसा घालावाच लागत नाही. स्लॅबची कड पायाच्या भिंतीला टेकलेली, आणि त्या काँक्रीटच्या भिंतीचा वरचा वीतभर पट्टा जमिनीच्या वर, थेट वाऱ्यात उघडा. लाकडी भिंत ओल्या मातीपासून दूर राहावी म्हणून हा पट्टा मुद्दाम सोडलेला असतो. घराभोवती फिरून पाहिलंत तर साइडिंगखाली राखाडी रंगाची एक सलग पट्टी दिसते, तीच. गरम चहात ठेवलेल्या स्टीलच्या चमच्याचा दांडा कसा चटका देतो, तसं या पट्टीचं आहे. एक टोक उबदार खोलीत, दुसरं बर्फात, आणि मधला सगळा मार्ग काँक्रीटचा. काँक्रीट दगडासारखंच आहे. मजबूत म्हणून आपण त्याच्यावर विसंबतो, पण उष्णता अडवण्याच्या कामात ते कच्चं. दोन इंच जाडीचा चांगला फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीटची भिंत अडीच-तीन मीटर जाड लागेल.

हे कळून बराच काळ झाला. १९४५ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने स्लॅबच्या फरशीतून होणाऱ्या उष्णतेच्या गळतीच्या मोजण्या छापल्या. पुढे इलिनॉय विद्यापीठातही असेच प्रयोग झाले. तो काळ महायुद्धानंतरच्या घरबांधणीच्या धडाक्याचा. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये तळघर गाळून हजारो घरं स्लॅबवर उभी राहिली, आणि त्यांच्या स्लॅबमध्येच गरम पाण्याच्या तांब्याच्या नळ्या पुरलेल्या होत्या. त्यामुळे फरशीतून किती उष्णता जाते, हा प्रश्न तेव्हा केवळ अभ्यासाचा राहिला नव्हता. मोजमापांतून निघालेली मुख्य गोष्ट आजही तशीच वापरली जाते: स्लॅबची गळती क्षेत्रफळापेक्षा परिघाच्या प्रमाणात मोजायची. फरशी किती चौरस मीटर आहे यापेक्षा तिची बाहेरची कड किती मीटर लांब आहे, हे महत्त्वाचं. त्यामुळे एकाच क्षेत्रफळाच्या दोन घरांत चौकोनी घर सुखी आणि इंग्रजी एल आकाराचं, खाचाखोचांचं घर दुःखी.

काकूंच्या घराचा हिशेब मी त्यांच्या मुलाला वहीवर मांडून दाखवला. तेरा आणि आठ, दुप्पट केले की बेचाळीस मीटर परीघ. इन्सुलेशन नसलेल्या साध्या स्लॅबसाठी इथली प्रमाणपुस्तकं जो आकडा देतात, तो आपल्या एककांत साधारण १.२६ येतो. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर परिघाच्या प्रत्येक मीटरमागे सव्वा वॅट उष्णता जाते. आत एकवीस आणि बाहेर उणे बारा, म्हणजे फरक तेहतीस अंशांचा. १.२६ गुणिले ४२ गुणिले ३३ केले की साधारण १७५० वॅट. आपल्याकडच्या दोन रॉडच्या हीटरचं बटण दाबून तो रात्रंदिवस बागेत तोंड करून ठेवावा, जवळजवळ तसा प्रकार.

कडेला दोन इंचांचा फोम उभा लावून तो जमिनीत दोन फूट खाली नेला, तर १.२६ चे ०.९३ होतात. त्याच थंडीत गळती १२९० वॅटच्या आसपास येते. सुमारे साडेचारशे वॅट वाचतात, पाव हिस्सा.

मुलगा जरा हिरमुसला. ‘फक्त पंचवीस टक्के?’

या ठिकाणी बरेच विक्रेते आकडे फुगवतात, म्हणून मी थांबून सांगतो. शिकागोच्या अख्ख्या हिवाळ्याचा हिशेब केला तर या घरात वर्षाला साडेअकराशे-बाराशे युनिट उष्णता वाचते. गॅसच्या भट्टीवर घर तापत असेल तर ते चाळीस-पंचेचाळीस थर्म होतात. थर्मला एक डॉलर धरा, वर्षाला चाळीस-पंचेचाळीस डॉलर वाचले. माणसं लावून घराभोवती चर खणून घेतला तर एवढ्या बचतीतून तो खर्च वसूल व्हायला फार वर्षं लागतात. पैसे वाचतील म्हणून जुन्या घराला कड-इन्सुलेशन करा, असं मी कुणालाही सांगत नाही.

पण पाव हिस्सा हा आकडा अख्ख्या फरशीचा आहे. मध्यभागातून मातीत जाणारी उष्णता फोम लावला तरी जातच राहते. जी कमी होते ती जवळजवळ सगळी कडेच्या हात-दीड हात पट्ट्यातली. आणि पाय गारठतात ते तिथेच. बिलात जी सुधारणा चिमूटभर दिसते, ती त्या पट्ट्यावर बसणाऱ्या माणसाला चांगलीच जाणवते. शिवाय पायाला नुसतं तापमान कळत नाही, उष्णता किती वेगाने ओढली जाते तेही कळतं. चौदा अंशांची टाइल आणि चौदा अंशांचा गालिचा यांत टाइल जास्त गार लागते, कारण ती तळव्याची उष्णता भराभर घेऊन जाते. आरामाच्या इथल्या मानकात फरशीचं तापमान एकोणीस ते एकोणतीस अंशांदरम्यान असावं असं म्हटलंय, पण ते पायात बूट असलेल्या माणसासाठी. अनवाणी माणसाला, त्यातून टाइलवर, एकोणीसही कमीच वाटतात.

‘मग गालिचा टाकू,’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. गालिच्याने पायाला बरं वाटतं यात शंका नाही. पण गालिचा खोलीची उष्णता काँक्रीटपर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे त्याच्याखालचं काँक्रीट आणखी गार होतं. मग ओलाव्याचा प्रश्न सुरू होतो. घरातली हवा एकवीस अंश आणि तिची आर्द्रता पन्नास टक्के असेल, तर दहा अंशांच्या पृष्ठभागावर तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसंच. बुरशीला तर एवढंही लागत नाही. त्याच हवेत साडेतेरा अंशांच्या खालचा कोपरा तिला पुरतो. आपल्या घरांत कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, हिवाळ्यात आत वाळत घातलेले कपडे, यांमुळे पन्नास टक्के आर्द्रता सहज होते. काकूंच्या घरात कोपऱ्यात आठ अंश होते आणि त्या कोपऱ्यात पुस्तकांचे पुठ्ठ्याचे खोके ठेवलेले होते. मी एक खोका पुढे ओढला. तळाचा पुठ्ठा मऊ झाला होता आणि मागच्या बाजूला काळे ठिपके होते. घरच्यांनी ‘जुन्या घराचा वास’ म्हणून जे सोडून दिलं होतं, ते हे.

दोष कडेच्या काँक्रीटचा की फटींतून येणाऱ्या वाऱ्याचा, हे आधी ठरवावं लागतं. कारण लाकडी भिंत जिथे काँक्रीटवर बसते तिथे फट असली तरी पाय असेच गारठतात आणि तिचा उपाय फारच स्वस्त असतो. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. वारा सुटलेल्या दिवशी पेटलेली उदबत्ती स्कर्टिंगच्या कडेने हळूहळू फिरवायची. धूर आडवा झाला किंवा आत ढकलला गेला तर तिथे फट आहे. ती सीलंटने बुजवायची आणि मग पुन्हा बघायचं. काकूंच्या घरात खिडकीखाली धूर सरळ वर गेला आणि फरशी तरीही दहा अंशच. म्हणजे उष्णता काँक्रीटमधूनच जात होती. दुसरी खूण बाहेर दिसते. बर्फ पडून गेल्यावर घराभोवती फेरी मारा. सगळीकडे बर्फ आणि पायाला लागून वीतभर पट्टा वितळलेला, असं दिसलं तर तो बर्फ तुमच्या भट्टीने वितळवलेला असतो. दक्षिणेकडे हे ऊनही करतं, म्हणून उत्तरेची बाजू पाहावी.

त्या घराचं काम आम्ही मे महिन्यात केलं. इथे खणण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करून गॅस, वीज, केबल यांच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्या लागतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि तो फोन न करता कुदळ मारणं वेडेपणाचं. मग पायाला लागून फूटभर रुंद आणि दोन फूट खोल चर. शिकागोकडे जमीन बेचाळीस इंचांपर्यंत गोठते असं धरून पाया तेवढा खोल नेलेला असतो, त्यामुळे दोन फूट खणून त्याच्या बुडाला धक्का लागत नाही. काही घरांचा पाया मात्र स्लॅबचीच कड जाड करून केलेला आणि उथळ असतो. तिथे बुडाखालची माती काढली तर पायाच खचायचा. आपला पाया कुठल्या जातीचा आहे हे एका जागी खणून बघितल्याशिवाय सगळीकडे चर मारू नये.

फोमची निवड हा वादाचा विषय, पण जमिनीखाली पर्याय मोजकेच उरतात. आपल्याकडचा पांढरा, दाण्यादाण्यांचा थर्माकोल सगळ्यांना माहीत आहे. त्याचीच जास्त घनतेची, जमिनीत वापरण्यासाठी केलेली जात चालते. पॅकिंगमधला थर्माकोल नाही. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे गुलाबी किंवा निळ्या रंगाचा, सलग आणि घट्ट फोम. तो पाणी कमी पितो आणि त्याच जाडीत थोडी जास्त उष्णता अडवतो. आम्ही तो घेतला. काचेच्या लोकरीची गादी मातीत घालणं म्हणजे पैसे पुरणं, ती भिजली की निकामी. छतावर वापरतात तो पिवळसर फोमही मातीत पाणी धरतो.

बोर्ड आठ फूट बाय चार फुटांचे येतात. आम्हाला पट्टी हवी होती बत्तीस इंच उंच: चोवीस इंच जमिनीखाली, आठ इंच वर. आठ फुटांचे बत्तीस-बत्तीस इंचांचे तीन तुकडे बरोबर पडतात, प्रत्येक चार फूट लांब. परीघ एकशे अडतीस फूट, म्हणजे बारा बोर्डांत काम. भिंत घासून स्वच्छ केली, फोमला चालणारा गोंद लावून बोर्ड चिकटवले, सांधे एकमेकांना घट्ट भिडवले. गोंद फोमला चालणारा आहे ना, हे डब्यावर वाचून घ्यावं. चुकीचा गोंद फोम विरघळवतो.

खरी कसरत असते ती जमिनीच्या वरच्या आठ इंचांची. उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो आणि गवत कापायच्या यंत्राच्या दोरीने त्याचे लचके निघतात. म्हणून त्यावर सिमेंटचा पातळ गिलावा जाळीसकट केला. वरच्या टोकाला वाकवलेल्या पत्र्याची पट्टी साइडिंगखाली सरकवली, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी फोमच्या मागे न जाता पुढून पडेल. मग माती परत भरून, दाबून, तिला घरापासून बाहेर उतार दिला: दहा फुटांत सहा इंच. हा उतार नसेल तर पावसाचं पाणी पायाशी साठतं, आणि ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता नेते. माझ्या मते निम्म्या घरांत फोमच्या आधी हा उतारच दुरुस्त करायला हवा.

वाळवीचा मुद्दा मी शेवटी सांगतो, पण तो लहान नाही. वाळवी फोम खात नाही. तिला त्याच्यातून बोगदा काढता येतो, आणि तो बोगदा मातीतून थेट लाकडी भिंतीपर्यंत कुणाला न दिसता जातो. म्हणूनच जिथे वाळवीचा उपद्रव फार मोठा आहे असं स्थानिक अधिकाऱ्यांनी ठरवलंय, तिथे अमेरिकेची बांधकामसंहिताच कडेच्या इन्सुलेशनची सक्ती मागे घेते. काही ठिकाणी फोमच्या वर काही इंच काँक्रीट तपासणीसाठी उघडं ठेवायला लावतात. त्यात नेमका सर्वांत जास्त गळणारा पट्टा उघडा राहतो, पण लाकूड पोखरून घेण्यापेक्षा ते बरं. अटलांटा किंवा ह्यूस्टनच्या वाचकांनी हा लेख वाचून लगेच चर खणायला घेऊ नये. त्यांच्याकडे थंडी कमी आणि वाळवी जास्त.

आमच्याही कामात एक जागा राहिली. पुढच्या दाराची काँक्रीटची पायरी पायाला चिकटून ओतलेली होती. ती फोडायला मालक तयार नव्हता आणि मीही आग्रह केला नाही. त्या दीड मीटरमध्ये उष्णता पूर्वीसारखीच जाते. दारापाशी जाड पायपुसणं आहे.

पुढच्या जानेवारीत पुन्हा मापं घेतली. बाहेर उणे तेरा, म्हणजे जवळपास तसाच दिवस. मध्यभागी वीस, म्हणजे अर्धाच अंश जास्त. फूटभर अंतरावर सतरा. स्कर्टिंगशी साडेचौदा. कोपऱ्यात तेरा. म्हणजे भिंतीच्या कडेला बुरशीची हद्द ओलांडून आम्ही वर आलो होतो, पण कोपरा थोडक्यात खाली राहिला. तिथे दोन बाजूंनी उष्णता जाते, आणि दोन इंच फोम त्याला पुरत नाही. मी खोके कायमचे तिथून हलवायला सांगितले आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलं, म्हणजे मागून खोलीची हवा फिरत राहील. काकू त्या वर्षी पुन्हा आल्या होत्या. देवघर त्याच खिडकीखाली होतं. आसनाखाली सतरंजीची एक घडी जास्त होती, आणि पोथीचा अध्याय पुरा होत होता.

हे सगळं जुन्या घराबद्दल. नवं घर बांधून घेताना हेच काम अर्ध्या दिवसाचं आणि स्वस्त असतं, कारण तेव्हा जमीन खणलेलीच असते. तिथे फोम बहुधा आतून लावतात: पायाची भिंत आणि स्लॅबची कड यांच्या मधे बोर्ड उभा करायचा आणि मग काँक्रीट ओतायचं. स्लॅब आणि बाहेरची भिंत एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. यात अडचण एवढीच, की भिंतीला लागून दोन इंच रुंदीची फोमची पट्टी फरशीत उघडी दिसते आणि गालिच्याच्या खिळ्यांची पट्टी ठोकायला तिथे काँक्रीट मिळत नाही. म्हणून मग मिस्त्री काय करतो, तर फोम दोन-तीन इंच खालीच कापतो आणि वरून काँक्रीट भिंतीपर्यंत नेतो. सगळा खर्च करून जिथे गळती सर्वांत जास्त, तिथेच त्याने काँक्रीटचा पूल बांधून दिला. खाली अख्ख्या स्लॅबला फोम अंथरलेला आणि कड मात्र उघडी, अशी घरंही मी पाहिली आहेत. पांघरूण डोक्यापर्यंत ओढावं आणि पाय बाहेर राहावेत, तशी. संहितेने यावर तोडगा दिलेला आहे: बोर्डाचं वरचं टोक पंचेचाळीस अंशांत तिरकं कापायचं, भिंतीपासून दूर उतरणारं. मग वर काँक्रीटची कड भिंतीजवळ येते, खिळे ठोकता येतात, आणि उष्णतेची वाट तरीही अडलेली राहते.

फरशीत गरम पाण्याच्या नळ्या घालणार असाल तर हे टाळायला जागाच नाही. तापवलेल्या स्लॅबच्या उघड्या कडेतून साध्या स्लॅबच्या जवळजवळ दुप्पट उष्णता बाहेर जाते. नळ्यांतलं पाणी आधी बाग तापवतं आणि उरलेलं तुमचे पाय.

म्हणून तिकडे घर बांधून घेणाऱ्या तुमच्या मुलाला, भाच्याला, मैत्रिणीला एवढंच कळवा: काँक्रीटचा ट्रक यायच्या आदल्या संध्याकाळी जागेवर जाऊन घराच्या चारही बाजूंनी फेरी मार. फोमचा बोर्ड परिघाला सलग उभा आहे का, गॅरेजच्या आणि दाराच्या तोंडाशी तो तोडलेला नाही ना, आणि त्याचं टोक स्लॅबच्या वरच्या पातळीपर्यंत पोचतंय का, एवढं बघ आणि फोटो काढून ठेव. सकाळी काँक्रीट पडल्यावर त्यातलं काहीही दिसत नाही.